‘ओपन लेबल, म्हणून बायस’ एवढ्यावर गुण द्यायचे का?

वाचकाचं पत्र

मी नाशिकमधल्या एका मेडिकल कॉलेजात मेडिसिनची सहायक प्राध्यापक आहे. आमच्या जर्नल क्लबमध्ये दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटने रक्तदाबाच्या ‘स्प्रिंट’ ट्रायलचं क्रिटिकल अप्रेझल मांडलं. चेकलिस्टचे सगळे रकाने भरलेले होते. शेवटचा निष्कर्ष असा: ‘अभ्यास ओपन लेबल आहे, मुदतीआधी थांबवलेला आहे आणि अमेरिकेत झालेला आहे, म्हणून बायसचा धोका जास्त आणि आपल्याकडे लागू नाही.’ सगळ्यांना आवडलं. वीसपैकी गुण मला द्यायचेत. तिन्ही मुद्दे खरे आहेत, तरी मन मानत नाही. नेमकं कुठे कमी पडतंय?

उत्तर

मॅडम,

एक करून बघा. त्याच्या लेखी अप्रेझलमधून ट्रायलचं नाव झाकायचं आणि एकेक वाक्य वाचायचं. तेच वाक्य दमा, मलेरिया किंवा गुडघेदुखीच्या एखाद्या ट्रायललाही जसंच्या तसं चिकटत असेल, तर त्याला गुण देऊ नका. ‘ओपन लेबल आहे’ ही ट्रायलबद्दलची माहिती झाली, अप्रेझल नव्हे. अप्रेझल पुढच्या वाक्यापासून सुरू होतं: यामुळे कोणत्या निकालात गडबड होऊ शकते, ती कोणत्या बाजूला झुकेल, अंदाजे किती, आणि तेवढ्याने समोरच्या पेशंटबाबतचा निर्णय बदलेल का? तुमच्या विद्यार्थ्याने पहिलं वाक्य लिहिलं आणि तिथून थेट निष्कर्षावर उडी मारली. मन मानत नाही ते यामुळेच.

कॉक्रेनचं २०१९ चं ‘आरओबी २’ हे साधन नेमकं याच धर्तीवर बेतलेलं आहे. त्यात अख्ख्या ट्रायलला एक शिक्का मारत नाहीत. एकेका निकालासाठी, म्हणजे मृत्यूसाठी वेगळा, हार्ट फेल्युअरसाठी वेगळा, असा निवाडा करतात. विद्यार्थ्याने ‘बायसचा धोका: जास्त’ असं संपूर्ण अभ्यासापुढे एकदाच लिहिलं असेल, तर त्याने साधनाचं नाव वापरलं, साधन वापरलं नाही.

आता स्प्रिंटच घेऊ, कारण नेमक्या याच ट्रायलवर हे सगळं पडताळून पाहता येतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५० वर्षांवरचे, हृदयविकाराचा धोका वाढलेले, पण मधुमेह किंवा आधी पक्षाघात नसलेले ९३६१ लोक होते. एका गटाचं सिस्टॉलिक १२० च्या खाली न्यायचं, दुसऱ्याचं १४० च्या खाली. सरासरी पाच वर्षांचा पाठपुरावा ठरला होता, पण सुमारे सव्वातीन वर्षांनी अभ्यास थांबवला. हार्ट अटॅक, अटॅक न येता झालेला अन्य अ‍ॅक्युट कोरोनरी सिंड्रोम, पक्षाघात, हार्ट फेल्युअर आणि हृदयविकाराने मृत्यू हे सगळं मिळून कडक नियंत्रणाच्या गटात २४३ जणांना झालं, दुसऱ्यात ३१९ जणांना. कोणत्याही कारणाने झालेले मृत्यू १५५ विरुद्ध २१०.

ओपन लेबल

डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही गट माहीत होता, हे खरं. पण म्हणून काय? मृत्यूची नोंद गट माहीत असल्याने बदलत नाही. माणूस गेला की गेला. त्यामुळे एकूण मृत्यूंच्या निकालाला ‘मापनातला बायस’ हा आक्षेप लागूच होत नाही. शिवाय बाकीच्या घटना ठरवणाऱ्या समितीला कोण कोणत्या गटातलं ते माहीत नव्हतं. विद्यार्थ्याने हे मूळ लेखात शोधलं का, ते आधी बघा.

हार्ट फेल्युअरचं मात्र वेगळं आहे. तिथे आकडे ६२ विरुद्ध १०० आहेत, म्हणजे एकूण ७६ घटनांच्या फरकातला अर्धा वाटा इथेच आला. आता एखादा हुशार रेसिडेंट काय विचारेल? कडक गटात औषधं जास्त होती आणि त्यांत डाययुरेटिकही जास्त जणांना होतं. डाययुरेटिकने पायावरची सूज आणि धाप कमी होते. मग हार्ट फेल्युअर खरोखर टळलं की त्याची लक्षणं झाकली गेली? दुसऱ्या गटात याच्या उलट प्रकार होता. तिथे एका भेटीत सिस्टॉलिक १३० च्या खाली किंवा सलग दोन भेटींत १३५ च्या खाली आलं तर औषध कमी करायचं, असा प्रोटोकॉलच होता. म्हणजे ज्याचं छान १२८ वर चाललंय त्याचीही गोळी कमी होणार. ही तुलना ‘कडक उपचार विरुद्ध नेहमीचा उपचार’ अशी नाही. काही अंशी ‘औषध वाढवणं विरुद्ध औषध उतरवणं’ अशी आहे. दोन्ही गोष्टी हार्ट फेल्युअरचा फरक फुगवण्याच्या दिशेने जातात.

हे एवढं एखाद्याने लिहिलं, तर त्याच्या चेकलिस्टचे निम्मे रकाने रिकामे असले तरी मी त्याला वरचे गुण देईन. आणि कुणी याहून पुढे जाऊन म्हणालं की ‘मृत्यूही कमी झालेत, ते नुसत्या लक्षणं झाकण्याने होणार नाहीत, त्यामुळे सगळा परिणाम यात वाहून जात नाही’, तर तो वाचायला शिकला असं समजा.

एक बारीक गोष्ट मात्र सोडू नका. मृत्यूच्या मोजणीला बायस लागत नसला, तरी मृत्यूपर्यंतच्या प्रवासाला लागू शकतो. कडक गटातल्या पेशंटना उद्दिष्ट गाठेपर्यंत जास्त वेळा बोलावलं जात होतं. जास्त भेटी म्हणजे जास्त लक्ष, एखादी तक्रार लवकर हाती लागण्याची शक्यता. हा मापनाचा नव्हे, उपचारातल्या फरकाचा मुद्दा आहे, आणि आरओबी २ मध्ये त्याचा रकाना वेगळा आहे. दोन्ही आक्षेप ‘ब्लाइंडिंग नाही’ या एकाच शब्दात कोंबणारा विद्यार्थी दोन्ही गमावतो. तशीच गल्लत ब्लाइंडिंग आणि अ‍ॅलोकेशन कन्सीलमेंट यांत होते. इथे रँडमायझेशन मध्यवर्ती पद्धतीने झालं, पुढचा पेशंट कोणत्या गटात जाणार हे केंद्रावरच्या डॉक्टरला आधी कळत नव्हतं. ओपन लेबल अभ्यासातही हे शक्य असतं. त्याने कन्सीलमेंटच्या रकान्यात ‘नाही, कारण ओपन लेबल’ असं लिहिलं असेल, तर ती चूक स्पष्ट शब्दांत दाखवा.

पहिला तक्ता

याबद्दल तुम्ही पत्रात काही लिहिलेलं नाही, पण त्याच्या स्लाइडवर पहिल्या तक्त्याबद्दल काहीतरी असणारच. ‘बेसलाइनला सगळे पी व्हॅल्यू ०.०५ च्या वर, म्हणून रँडमायझेशन यशस्वी’ हे वाक्य मी इतक्या जर्नल क्लबांत ऐकलंय की आता ते आलं नाही तरच नवल. स्प्रिंटमध्ये गंमत अशी की एका बाबतीत पी ०.०४ आलंय: स्टॅटिन घेणारे कडक गटात ४२.६ टक्के, दुसऱ्यात ४४.७ टक्के. मग रँडमायझेशन फसलं का? दोन डझन गोष्टी तपासल्या की एखाद्या ठिकाणी निव्वळ योगायोगाने असं होणारच. खरा प्रश्न पी व्हॅल्यूचा नाहीच. स्टॅटिन कुणाकडे जास्त? दुसऱ्या गटाकडे. म्हणजे या फरकाचा काही परिणाम झालाच असेल, तर तो कडक नियंत्रणाच्या विरोधात जाईल आणि फायदा थोडा कमी दाखवेल. बायसची दिशा काढणं म्हणजे काय, हे शिकवायला याहून सोपं उदाहरण सापडणार नाही. त्याला तक्ता समोर ठेवून एवढं एकच विचारा.

मुदतीआधी थांबवलेला

इथे तुमच्या विद्यार्थ्याची दिशा बरोबर आहे. फायदा दिसतोय म्हणून अभ्यास लवकर थांबवला की फायदा थोडा फुगलेला दिसण्याची शक्यता असते, कारण आकडे योगायोगाने उंच गेलेले असतात नेमक्या तेव्हाच आपण हात काढतो. पण ‘फुगलेला’ आणि ‘खोटा’ यांत फरक आहे. असे लवकर थांबवलेले अभ्यास तपासून २०१० मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात ही फुगवट मुख्यतः ५०० पेक्षा कमी घटना असलेल्या अभ्यासांत मोठी दिसली. स्प्रिंटच्या मुख्य निकालात ५६२ घटना होत्या, एकूण मृत्यू ३६५ आणि हार्ट फेल्युअरच्या फक्त १६२. त्यामुळे मुख्य निकालाबाबत थोडी सावधगिरी, मृत्यूबाबत जरा जास्त आणि हार्ट फेल्युअरबाबत बरीच, असा चढता क्रम लावावा लागतो. एकाच त्रुटीचं वजन प्रत्येक निकालात वेगळं पडतं.

लवकर थांबवण्याचा आणखी एक तोटा विद्यार्थ्यांच्या ध्यानात येत नाही. किडनीवरचा दीर्घकालीन परिणाम समजायला सव्वातीन वर्षं अपुरी आहेत. फायद्याची बाजू आपण पाहिली, तोट्याची बाजू अर्ध्यात सोडली.

जे त्याने लिहिलंच नाही

पाठपुराव्याच्या रकान्यात त्याने बहुधा ‘समाधानकारक’ अशी खूण केली असेल. लेखातला पेशंटचा फ्लो चार्ट उघडा. जे संपर्कातून सुटले किंवा ज्यांनी संमती मागे घेतली, असे दोन्ही गटांत प्रत्येकी अडीचशेच्या आसपास लोक आहेत. नऊ हजारांत पाचशे म्हणजे साडेपाच टक्के, ऐकायला किरकोळ वाटतं. पण मुख्य निकालातला दोन गटांचा फरक फक्त ७६ घटनांचा आहे. हरवलेल्या माणसांची संख्या फरकाच्या कितीतरी पट आहे. म्हणून ‘टक्केवारी कमी आहे’ एवढं पुरत नाही, हरवलेले लोक दोन्ही गटांत सारख्याच कारणांनी हरवले का, हे विचारावं लागतं. इथे संख्या जवळपास समान आहे, हा दिलासा आहे, पण कडक गटात संमती मागे घेणारे जास्त आणि दुसऱ्या गटात संपर्क तुटलेले जास्त अशी थोडी अदलाबदल दिसते. मी याला ‘काही शंका’ म्हणेन, ‘जास्त धोका’ नाही. तुमचं मत वेगळं असू शकतं. विद्यार्थ्याचंही असू दे, फक्त त्याने तो फ्लो चार्ट पाहिलेला असावा.

अमेरिकेत झालेला, म्हणून लागू नाही

सगळ्यात जास्त गुण इथे कापा. आजाराचं शरीरशास्त्र सीमेवर बदलत नाही, बदलतात त्या परिस्थिती. कोणती परिस्थिती बदलली आणि त्याने फायद्या-तोट्याचं गणित कसं हललं, हे सांगितल्याशिवाय ‘लागू नाही’ म्हणायचा अधिकार मिळत नाही. शिवाय चीनमध्ये ६० ते ८० वयोगटात झालेला ‘स्टेप’ हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातही सिस्टॉलिक जास्त खाली नेल्याचा फायदाच दिसला. नुसत्या देशाच्या नावावर निकाल झटकायचा, तर आधी ही माहिती असायला हवी.

त्याला तुमच्याच ओपीडीतला एक पेशंट द्या. समजा, पेठ तालुक्यातून द्राक्षाच्या हंगामात निफाडला मजुरीला येणारा ६२ वर्षांचा माणूस. मधुमेह नाही, पक्षाघात झालेला नाही, क्रिएटिनिन थोडं वाढलेलं, सिस्टॉलिक १४८. कागदावर तो स्प्रिंटमध्ये बसू शकतो. आता खाली उतरत जायचं.

पहिली गोष्ट, हे १४८ मोजलं कसं? स्प्रिंटमध्ये पेशंटला पाच मिनिटं शांत बसवून स्वयंचलित यंत्राने तीन वेळा दाब घेत आणि सरासरी काढत. बऱ्याच केंद्रांत तेव्हा खोलीत कर्मचारीही नसायचा. तुमच्या ओपीडीत तो माणूस एसटीतून उतरून, केसपेपरच्या रांगेत उभा राहून, टेबलाशी येतो आणि कुणीतरी बोलता बोलता एकदा कफ बांधतो. असं माप बहुधा स्प्रिंटच्या पद्धतीपेक्षा ५ ते १० मिमीने जास्त येतं, कधी त्याहून जास्त, आणि प्रत्येक पेशंटमध्ये हा फरक वेगळा असतो. आता तुम्ही या ओपीडीच्या मापावर १२० गाठायचं ठरवलंत, तर खऱ्या अर्थाने त्याला कदाचित ११० वर नेऊन सोडाल. म्हणजे ट्रायलपेक्षा जास्त औषध, जास्त चक्कर आणि फायदा मात्र न तपासलेला. लागू होण्यातला सगळ्यात मोठा अडथळा बीपीच्या कफमध्ये आहे, आणि हा दुरुस्त करता येतो. पाच मिनिटं बसायला एक बाक आणि एक प्रमाणित यंत्र लागतं.

दुसरी गोष्ट उन्हाची. मार्च-एप्रिलमध्ये मळ्यात दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाला डाययुरेटिकसह तीन औषधं दिली, तर उभं राहिल्यावर दाब किती पडेल? स्प्रिंटमध्ये उभं राहून एक मिनिटाने सिस्टॉलिक ११० च्या खाली जाणाऱ्यांना घेतलंच नव्हतं. मग या माणसाचा दाब उभं करून घेतला होता का? ट्रायलच्या प्रवेशाच्या अटी वाचणं म्हणजे हे. ‘मधुमेही वगळले होते’ एवढं लिहून थांबणं पुरेसं नाही. अर्थात तेही महत्त्वाचं आहे, कारण तुमच्या ओपीडीत मधुमेही भरपूर असणार. त्यांच्यासाठी याच उद्दिष्टांचा २०१० चा ‘अकॉर्ड’ आणि २०२४ चा चीनमधला ‘बीप्रोड’ वेगळे वाचावे लागतात. पहिल्यात मुख्य निकालात ठोस फरक दिसला नाही, दुसऱ्यात दिसला.

तिसरी गोष्ट आकड्यांची. विद्यार्थी ‘२५ टक्के घट’ म्हणतात आणि पुढे जातात. त्याला साधी वजाबाकी करायला लावा. ६.८ टक्क्यांवरून ५.२ टक्के, म्हणजे १.६ टक्क्यांचा फरक. सुमारे ६१ जणांना सव्वातीन वर्षं कडक उपचार दिल्यावर एकाची मुख्य घटना टळते. आता तोट्याच्या तक्त्यात किडनीला अचानक इजा झाल्याचे गंभीर प्रकार बघा: ४.१ विरुद्ध २.५ टक्के. इथेही १.६. म्हणजे साधारण तितक्याच लोकांमागे एकाच्या किडनीला इजा. दोन्हींचं वजन सारखं नाही, कारण किडनीची इजा पुष्कळदा भरून येते आणि मृत्यू भरून येत नाही. पण भरून यायला ती वेळेत समजली पाहिजे. ट्रायलमध्ये रक्ततपासणी ठरलेल्या वेळी होत होती. हंगाम संपला की हा माणूस पेठला परत जाणार. तिथून पुढची क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी कोण करणार, कधी, आणि अहवाल तुमच्यापर्यंत कसा येणार? याचं उत्तर ‘करता येईल’ असेल तर स्प्रिंट बऱ्याच अंशी लागू आहे. उत्तर ‘कुणी नाही’ असेल, तर १३० च्या आसपास समाधान मानणं हा शहाणपणाचा निर्णय ठरू शकतो. आणि मग ‘लागू नाही’ म्हणण्यामागे एक कारण असेल, जे रुग्णासमोर सांगता येईल.

गुणांचं

तुमच्याकडे वीस आहेत. त्रुटी ओळखण्याला चारपेक्षा जास्त देऊ नका, त्या चेकलिस्टमध्ये छापलेल्याच असतात. दहा गुण निकालागणिक दिशा आणि वजन मांडण्याला ठेवा. उरलेले सहा एका ठरावीक पेशंटवर निर्णय घेऊन दाखवण्याला. या हिशेबाने, तुम्ही लिहिलंय त्यावरून, तुमचा विद्यार्थी सात-आठवर थांबेल. विभागात सगळ्यांनी कौतुक केलेल्या सादरीकरणाला एवढे कमी गुण देणं अवघड जातं, हे मी जाणतो. म्हणून आकडा लगेच लावू नका. त्याला बोलावून चार प्रश्न लेखी द्या आणि आठवड्याने उत्तरं मागा. हार्ट फेल्युअरच्या आकड्यात डाययुरेटिकचा किती हात असेल? स्टॅटिनचा फरक कोणत्या बाजूला ओढतो? फ्लो चार्टमधल्या पाचशे माणसांचं काय? आणि पेठच्या त्या माणसाला तू कोणतं उद्दिष्ट सांगशील, कोणत्या मापावर?

निष्कर्ष त्याने बदललाच पाहिजे असा आग्रह धरू नका. ही उत्तरं देऊनही तो ‘आपल्या ओपीडीत सध्या नको’ यावर ठाम राहिला, तर पंधराच्या वर द्यायला हरकत नाही. आणि विभागप्रमुखांनी विचारलं की एवढी साधी गोष्ट मनाला का लावून घेतली, तर त्यांना त्याचं पहिलं आणि दुसरं लिखाण शेजारी शेजारी ठेवून दाखवा.